कोकणात मुली शाळा मधेच का सोडतात? सातवी ते अकरावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं शिकवतेय. पालक, नवीन शिक्षक, ग्रामपंचायतीतले मेंबर, मुंबईहून गणपतीला आलेले गावकरी, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. हे मुख्यतः गावात शाळा संपल्यावर पुढच्या शाळेत जाणाऱ्या मुलींबद्दल आहे, कारण आमच्याकडे गळती होते ती तिथेच.

कोकणचा दहावीचा रिझल्ट तर दरवर्षी राज्यात पहिला येतो, मग गळती कुठे आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो बरोबरच आहे. कोकण विभागीय मंडळाचा, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचा, दहावीचा निकाल 2024 ला 99.01 टक्के लागला, 2025 ला 98.82 टक्के. आम्हाला त्याचा अभिमान आहेच, मुलं मेहनत करतात. पण हा टक्का कशाचा असतो ते बघा, जी मुलं परीक्षेला बसली त्यांच्यातली किती पास झाली त्याचा. जी आठवीतच आली नाही किंवा नववीच्या दिवाळीनंतर दिसलीच नाही ती या हिशोबात कुठेच नसते, ना पास ना नापास.

समजा एका गावात सातवीला 20 मुली होत्या. त्यातल्या 18 आठवीला हायस्कूलला गेल्या, दहावीचा फॉर्म 16 जणींनी भरला आणि सोळाच्या सोळा पास झाल्या. शाळेच्या फळ्यावर लिहिणार निकाल 100 टक्के, आणि ते खरंच आहे. पण सातवीच्या 20 पासून मोजलं तर 80 टक्के. त्यातल्या अकरावीला तालुक्याच्या कॉलेजला 13 च गेल्या असतील तर सातवीतल्या तीनातली एक वाटेत राहिली, आणि कुठल्याही पेपरात तिची बातमी येत नाही. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. तुमच्या गावाचे खरे आकडे काढायला एक दुपार लागते, कसे काढायचे ते पुढे लिहिलंय.

मुलगी नेमकी कधी शाळा सोडते?

बहुतेक वेळा ती शाळा सोडत नाही, ती पुढच्या शाळेत पोचतच नाही. ही गोष्ट मला स्वतःला कळायला पाच सहा वर्षं गेली. वर्ष चालू असताना उठून घरी बसणाऱ्या मुली असतात, पण थोड्या. जास्त मुली निसटतात त्या सातवी आणि आठवीच्या मधे (काही गावांत चौथी पाचवीच्या मधेसुद्धा, जशी शाळा असेल तसं) आणि नंतर दहावी अकरावीच्या मधे.

आमच्याकडे 1 मेला वार्षिक निकाल लागतो आणि शाळा उघडते 15 जूनच्या आसपास. या दीड महिन्यात मुलगी कुठल्याच शाळेची नसते. जुनी शाळा म्हणते आम्ही दाखला दिला, आमचं काम झालं, आणि नवीन शाळेला ती मुलगी आहे हेच माहीत नसतं. आणि हाच दीड महिना कोकणात सगळ्यात गडबडीचा, आंबा काढायचा असतो, पेट्या भरायच्या असतात, काजू, लग्नं, चाकरमानी आलेले असतात. परत जाताना कोणीतरी म्हणतं, हिला चार महिने मुंबईला नेतो, बाळ लहान आहे, मदत होईल. कोणाचा हेतू वाईट नसतो हो. पण ती चार महिन्यांसाठी गेलेली मुलगी गणपतीला येते तेव्हा सहामाही तोंडावर आलेली असते, वह्या पुस्तकं नाहीत, वर्गातल्या मैत्रिणी पुढे गेलेल्या, आणि मग ती म्हणते पुढच्या वर्षी बघू.

मुख्य कारण गरिबी आहे का?

गरिबी आहेच, पण नुसतं गरिबी म्हटलं की पुढे काय करायचं ते कळत नाही. फी हा दहावीपर्यंत मुलींसाठी फारसा मुद्दा नाही, आणि पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे. तरी मुली थांबतात, कारण पास असून उपयोग काय, पासला जोडून गाडी पाहिजे ना.

कोकणातलं गाव म्हणजे एक ठिकाण नसतं, आठ दहा वाड्या असतात, एक खाडीला, एक सड्यावर, एक पऱ्याच्या पलीकडे. कागदावर हायस्कूल चार किलोमीटरवर दिसतं, पण ते नकाशावरचं अंतर. वाडीतून उतरून, साकव ओलांडून, चढ चढून फाट्यावर यायलाच पाऊण तास जातो आणि मग गाडी. सरकारी निकष पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन आणि नववी दहावीला साधारण पाच किलोमीटर असे आहेत. त्यात ही पायवाट बसते पण मुलगी बसत नाही.

एक खरं उदाहरण सांगाल का?

सांगते, नाव गाव सोडून. सड्यावरच्या वाडीतली मुलगी, सातवीला वर्गात दुसरी, गणितात तर पहिलीच. आठवीला आमच्याकडे आली. शाळा सुटायची पाचला. शाळेजवळच्या फाट्यावरून तिच्या बाजूला जाणारी एक गाडी चार पन्नासला आणि त्यानंतरची पावणेसातला, तीच वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी परत निघणारी. जूनमधे पावणेसातला उजेड असतो, चाललं. पावसात साकवावरून पाणी गेलं की दोन तीन दिवस घरी, तेही आम्ही धरून चाललो. ती एका प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे आणि दुसरी चप्पल आणायची, शाळेच्या पडवीत बदलायची, ओले मोजे खिडकीच्या गजाला वाळत घालायची.

खरी अडचण दिवाळीनंतर आली. डिसेंबरला सव्वासहालाच काळोख पडतो, ती तिच्या वाडीच्या फाट्यावर उतरायची सात वाजता आणि पुढे अडीच किलोमीटर आंब्या-काजूच्या बागांतून वाट, मधे घर नाही. वडील बोटीवर, आई मजुरीवरून येऊन चूल पेटवणार की हिला आणायला जाणार. मग मुलीने स्वतःच तोडगा काढला, शेवटच्या तासाला बसायचंच नाही, साडेचारला निघून चार पन्नासची गाडी पकडायची. आणि शेवटचा तास आमच्या वेळापत्रकात आठवड्यातले चार दिवस इंग्रजीचा होता. सहामाहीला इंग्रजीत 61 होते, वार्षिकला 38. आम्ही मीटिंगमधे काय बोललो, तर मुलीचं लक्ष नाही हल्ली. मीही बोलले, हे लिहिताना आजही लाज वाटते.

नववीत वस्तीची गाडी बंद झाली. भारमान कमी आहे, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, असं उत्तर मिळालं. ती महिनाभर आली, मग शनिवारी यायची बंद झाली कारण शनिवारी सकाळची शाळा आणि त्या वेळेला गाडीच नाही, मग सोमवारही जायला लागला. मी घरी गेले तेव्हा तिची आई म्हणाली, "बाई, पोर हुशार हाय ते आमाला पण दिसतंय, पण काळोखात काय झालं तर गाव आमालाच बोलनार." त्या बाईला मी काय उत्तर देणार होते? तिचं बरोबर होतं. मुलगी नववीची वार्षिक परीक्षा देऊ शकली नाही. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं "घरगुती अडचण".

त्या घरात गरिबी होती, शिक्षणाची आवड होती, लग्नाचा विचारही नव्हता. गेलं ते सगळं एका गाडीच्या वेळेवरून. लग्न झालं, पण दोन वर्षांनी, घरी बसलेल्या मुलीचं होतं तसं.

म्हणजे लवकर लग्न हे कारण नाही का?

आहे, पण आमच्या पट्ट्यात ते बऱ्याचदा नंतर येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण फार जास्त आहे, कोकण किनाऱ्यावर त्या मानाने कमी. इथे मुलगी आधी घरी बसते आणि मग "घरी बसून काय करणार" म्हणून स्थळं बघायला लागतात. म्हणून फक्त बालविवाहाच्या पोस्टर्सवर जोर दिला तर इथे आपण दोन वर्षं उशिरा पोचतो. तरीही अठराच्या आत लग्न ठरतंय असं कळलं तर गावात ग्रामसेवकाकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी आहे, आणि 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करता येतो.

रायगडातल्या कातकरी वाड्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं, मुलगी बरोबर जाते कारण धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी लागतं. तिथे गाडीच्या वेळेचं बोलून उपयोग नाही, तिथे हंगामी वसतिगृह आणि घरी राहणाऱ्या आजीला आधार हे लागतं. मी त्या भागात काम केलेलं नाही म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पाळी आणि टॉयलेट हे कारण कितपत खरं आहे?

यावर ऐकीव जास्त बोललं जातं. नेपाळमधे चितवन भागात एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन यांनी मुलींच्या रोजच्या नोंदी ठेवून अभ्यास केला, त्यात पाळीमुळे शाळा बुडण्याचं प्रमाण वर्षाला एक दिवसही भरत नव्हतं. म्हणजे नुसते पॅड वाटले की गळती थांबेल असं नाही. पण शाळेत टॉयलेट असण्याचा फरक पडतो, भारतातल्या शाळांवरच्या अंजली आदुकिया यांच्या अभ्यासात दिसलं की लहान मुलांना कुठलंही टॉयलेट चालतं, वयात आलेल्या मुलींची पटसंख्या वाढते ती मुलींसाठी वेगळं टॉयलेट असेल तेव्हा. माझा अनुभव एवढाच की टॉयलेट असतं पण मार्च ते मे विहीर आटते आणि मग कुलूप लागतं. तेव्हा टॉयलेट आहे का हे विचारू नका, एप्रिलमधे त्यात पाणी आहे का ते विचारा.

अंतर कमी केलं तर मुली टिकतात याला पुरावा आहे का?

आहे आणि चांगला आहे. बिहार सरकारने 2006 मधे नववीत गेलेल्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव असलेल्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि मुलं-मुलींमधला फरक 40 टक्क्यांनी कमी झाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फायदा मुख्यतः ज्या गावांपासून हायस्कूल तीन किलोमीटरपेक्षा लांब होतं तिथेच झाला. म्हणजे अडथळा अंतराचाच होता, आईबापांच्या मनाचा नव्हता.

आता कोकणात सायकल तशीच्या तशी चालेल का? किनाऱ्याच्या सपाट पट्टीत, खाडीच्या कडेने डांबरी रस्ता आहे तिथे चालेल. सड्यावरच्या वाडीतून जांभ्याच्या घाटीने पावसात नाही चालत, ढकलत न्यायची सायकल काय कामाची. इथे आपली सायकल म्हणजे एसटी किंवा वाडीतली सहा आसनी.

मग गाडीसाठी नेमकं काय करायचं? अर्ज तर आम्ही पण दिले.

"आमच्या गावाला गाडी सुरू करावी" एवढ्या अर्जाला आगारातून भारमानाचंच उत्तर येतं. आमच्याकडे पुढे जे चाललं ते असं. आधी दोन आठवडे रोज एका शिक्षकाने फाट्यावर उभं राहून वहीत लिहिलं, कुठल्या गाडीला किती मुली, किती मुलगे, कुठल्या वाडीचे, आणि गाडी किती वाजता आली. मग मुख्याध्यापकांनी पासधारक मुलींची यादी जोडली, ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, आणि आगार व्यवस्थापकांना भेटताना नवीन गाडी मागितली नाही, आहे तीच गाडी वीस मिनिटं उशिरा सोडा एवढंच मागितलं. वेळ बदलायला त्यांना डिझेल जास्त लागत नाही, म्हणून ते ऐकतात. आणि आगाराने हलायला नकार दिला तर शाळेने हलायचं, शाळा समितीत ठराव करून शाळा अर्धा तास आधी भरवायची आणि आधी सोडायची. आम्ही शेवटी दोन्ही थोडं थोडं केलं, गाडी पाच दहाची झाली आणि शाळा चार पन्नासला सुटायला लागली. त्या मुलीला उपयोग झाला नाही, तिच्या मागून आलेल्या तिघींना झाला.

गाडी मिळणारच नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेत वाहतूक भत्ता आहे, निकषात बसणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला कमाल 6000 रुपये. आता तो माध्यमिकलाही लागू आहे. अडचण अशी की प्रस्ताव शाळेकडून, केंद्रप्रमुखांमार्फत, वेळेत जावा लागतो आणि अंतर नकाशावरचं धरलं जातं, म्हणून चालायच्या वाटेचं अंतर मोबाइलवर चालत मोजून, फोटोसकट जोडा. पैसे उशिरा येतात, रिक्षावाल्याशी तसं आधीच बोलून ठेवा. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 तालुक्यांत मुलींसाठी खास एसटी बस आणि सायकल देतात, तुमचा तालुका यादीत आहे का ते तहसीलला विचारा.

गळती आधी ओळखता येते का?

येते, हजेरीपटात. महिनाभर सलग गैरहजर झाल्यावर मुलगी शाळाबाह्य धरतात, पण तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्याच्या आधी दोन महिने तीन गोष्टी दिसतात. शनिवार गळायला लागतो. शेवटचा तास गळायला लागतो, पण तो हजेरीपटात दिसतच नाही कारण हजेरी सकाळी घेतात, म्हणून आठवड्यातून एकदा शेवटच्या तासाला हजेरी घ्या. आणि गणपती किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा पहिले चार दिवस ती येत नाही. एवढं दिसलं की त्याच आठवड्यात घरी जायचं, आणि "का येत नाही" असं न विचारता "कशी येतेस, कितीला पोचतेस" असं विचारायचं. का म्हटलं की घरचे घाबरतात आणि आजारी होती म्हणून सांगतात.

गावाचे खरे आकडे कसे काढायचे?

जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमधून चार वर्षांपूर्वी सातवी पास झालेल्या मुलींची नावं वहीत उतरवा. प्रत्येकीसमोर चार रकाने करा, आठवीला कुठल्या शाळेत, दहावीचा फॉर्म भरला का, अकरावीला कुठे, आणि आज कुठे आहे. पहिले दोन रकाने हायस्कूलच्या क्लार्ककडून मिळतात, बाकीचे वाडीतल्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना माहीत असतात. 20-25 नावांचं काम आहे. फक्त एक काळजी घ्या, "मुंबईला गेली" हे उत्तर आलं की तिथेच थांबू नका, मुंबईला कुठल्या शाळेत हे विचारा. शाळेचं नाव सांगता आलं नाही तर ती शिकत नाहीये असं धरून चौकशी करा.

हेच काम शाळेला युडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरही करता येतं. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा पेन नंबर असतो, दाखला नेलेली मुलगी ड्रॉपबॉक्स नावाच्या यादीत जाते आणि नवीन शाळेने उचलून घेतली की तिथून निघते. जुलैच्या शेवटी जी नावं ड्रॉपबॉक्समधेच आहेत ती आपली यादी. काही वेळा नवीन शाळेने फक्त नोंद करायचं राहिलेलं असतं, पण ते एका फोनवर कळतं.

मे-जूनच्या त्या दीड महिन्याचं काय करायचं?

एकच गोष्ट आम्हाला लागू पडली. आता एप्रिलमधेच आमच्या शाळेतले दोन शिक्षक आजूबाजूच्या सगळ्या जिल्हा परिषद शाळांत जातात, सातवीच्या मुलींची यादी घेतात, आणि परीक्षा संपायच्या आत मुली आईबरोबर एक दिवस हायस्कूलला येऊन बसून जातात, येताना त्याच गाडीने ज्या गाडीने रोज यायचंय. आईलाही तिकीट आता अर्धंच लागतं. त्या दिवशी आईला वाट दिसते, कुठे उतरायचं, कुणाच्या दुकानासमोर थांबायचं ते कळतं, आणि एकाच वाडीच्या मुली एकत्र जायचं ठरवतात. 1 मेला दाखला घरी न देता दोन्ही मुख्याध्यापकांनी आपसात पोचवायचा असं ठरलंय, पालकांची सही घेऊन. 15 जूनला जी आली नाही तिच्याकडे 20 जूनच्या आत कोणीतरी गेलेलं असतं.

दहावीनंतर काय अडतं?

कायद्याने मोफत आणि सक्तीचं शिक्षण वय 6 ते 14, आठवीपर्यंतच, म्हणजे त्यापुढे मुलगी घरी बसली तर कोणावर कसली सक्ती नाही. त्यात ज्युनियर कॉलेज तालुक्याला, अंतर एकदम दुप्पट तिप्पट. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, आणि इथे एक चूक वारंवार होते. सायबरवाला पसंतीक्रम भरून देतो, पहिल्या नंबरला मोठं नाव असलेलं लांबचं कॉलेज टाकतो, तेच मिळतं, घरचे म्हणतात एवढ्या लांब नाही, प्रवेश घेतला जात नाही आणि मुलगी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर जाते. म्हणून गाडी ज्या कॉलेजला जाते तेच पहिलं टाका. एक दोन विषय राहिले असतील तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं आणि पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच असते, हे मुलीच्या आईला निकालाच्याच दिवशी सांगा, आठ दिवसांनी नको.

जी दोन तीन वर्षं घरी बसलीय तिचं काय?

आठवीच्या आतली असेल आणि वय 14 च्या आत असेल तर वयानुसार वर्गात थेट प्रवेश तिचा हक्क आहे, दाखला नाही म्हणून शाळा नाही म्हणू शकत नाही. मोठी असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, मागचा दाखला किंवा तो हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि फॉर्मची मुदत पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे गणपतीत गावी आलेल्या मुलींना आम्ही त्याच आठवड्यात गाठतो. रोज यायची गरज नाही, पण घरून एकटीने अभ्यास होत नाही हे नक्की, म्हणून रविवारी दोन तास गणित आणि इंग्रजीला शाळेत बोलावतो. वर लिहिलेल्या मुलीला मी दोनदा फॉर्म नेऊन दिला. पहिल्या वेळी तिचं मूल तीन महिन्यांचं होतं. यंदा तिने भरलाय, इंग्रजीचा पेपर सोडून बाकीची भीती नाही म्हणते, आणि रविवारी येताना मूल सासूकडे ठेवून येते.